'कृपया ग्रुपचे नियम पाळा' म्हणजे पळपुटेपणा?

सरळसोट
सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विष ओकतं आणि अर्ध्या तासाने अ‍ॅडमिनबाई नमस्काराचे दोन हात जोडून 'सर्वांनी ग्रुपचे नियम पाळावेत ही विनंती' असं टाकतात. कुणी टाकलं, काय टाकलं, खरं की खोटं, एक अक्षर नाही. चूक करणारा आणि चूक दाखवणारा दोघांना एकच काठी. याला शांतपणा म्हणत नाहीत, पळपुटेपणा म्हणतात. मत काय?

जिन्याखालची
सहा वर्षं ११२ फ्लॅटच्या ग्रुपची अ‍ॅडमिन आहे, तेव्हा हात जोडणारी बाई ती मीच असं धरून लिहिते. कमिटीत नाही, कसलं मानधन नाही, उलट दर दोन महिन्यांनी एखादं घर माझ्याशी बोलायचं बंद होतं.

तुम्हाला दिसतो तो शेवटचा मेसेज. त्याआधीचा अर्धा तास दिसत नाही, आणि सगळी मेहनत त्या अर्ध्या तासाची असते. एप्रिलमधलंच सांगते. दुपारी तीन दहाला बी विंगमधल्या काकांनी एक व्हिडिओ टाकला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे निदान पाच हातांतून फिरून आलेला. खाली मजकूर, 'हे लोक असेच, वेळीच जागे व्हा.' मी काकांना फोन लावला. मेसेज नाही केला, कारण लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो आणि माझं वाक्य काका त्यांच्या मनातल्या सुरात वाचतात. 'तुम्ही चुकलात' असंही म्हटलं नाही. म्हटलं, 'काका, ते नियम चारमध्ये अडकतंय. तुम्हीच काढा ना. मी काढलं तर मी काढलं हे सगळ्यांना दिसेल.'

आणि ते तसंच आहे. २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचीही पोस्ट सगळ्यांच्या फोनमधून काढता येते, पण त्या जागी अ‍ॅडमिनने काढल्याची ओळ उरते, नावासकट. मग व्हिडिओ बाजूला राहतो आणि 'हिला कुणी अधिकार दिला' सुरू होतं. पाठवणाऱ्याने स्वतः काढलं तर नुसती रिकामी ओळ राहते आणि त्याची अब्रूही राहते. काका पाच मिनिटं कुरकुरले, मला दोन विशेषणं लावली, मग काढलं. तसे पाठवणाऱ्याला काढायला अडीच दिवस मिळतात, पण ग्रुपवर अडीच दिवस थांबतंय कोण? तिसरं उत्तर यायच्या आत काय ते व्हावं लागतं. पहिला म्हणतो 'अगदी बरोबर', दुसरा विचारतो 'पुरावा काय', तिसरा दोघांपैकी एकाचे वाडवडील काढतो. त्यानंतर मी कितीही गोड लिहिलं तरी मी त्या भांडणातली चौथी ठरते.

तीन चाळीसला ग्रुपवर हे टाकलं, शब्दशः:

'दुपारी आलेली एक पोस्ट नियम ४ मध्ये बसत नव्हती. पाठवणाऱ्यांनी स्वतः काढली आहे, आभार. त्या विषयावर इथे पुढे लिहू नये. उद्या स. १० ते १ वरची टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे.'

टाकीचं वाक्य मुद्दाम शेवटी. टाकी खरंच धुणार होते, पण ती सूचना सकाळपासून माझ्याकडे पडून होती, ती तेव्हा वापरली. पुढचे अकरा मेसेज 'आमच्या विंगचीपण का', 'बोअरचं चालू राहील का' असे आले. नाव घेतलं असतं तर काकांचा मुलगा, सून आणि सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावरचे तिघे उतरले असते. खरं-खोटं करायला बसले असते तर उत्तरादाखल दुसरा व्हिडिओ आला असता, मग तिसरा. माझ्याकडे तेवढी अक्कल नाही आणि वेळही नाही.

आमचा नियम चार एका ओळीचा आहे: ज्या पोस्टमध्ये 'ते लोक' आहेत ती इथे नको. मग 'ते लोक' म्हणजे धर्म असो, पक्ष असो, जात असो, परप्रांतीय असोत नाहीतर भाडेकरू असोत. सणाच्या शुभेच्छा चालतात, कारण त्यात 'ते लोक' नसतात. आणि हा नियम शांत असताना ठरवलेला आहे, ग्रुपच्या माहितीत लिहिलेला आहे. वर टाचून ठेवलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, मग आपोआप सुटतो, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मेंटेनन्सच्या आठवणीबरोबर तोही पुन्हा टाचते.

पहिला फोन मी कुणाला केला होता ते पण लिहिते. माझ्या सख्ख्या दिराला. अजून दिवाळीचा फराळ एकतर्फी जातो.

बिनसाखरेचा
म्हणजे ११२ घरांची शांतता वरच्या टाकीवर अवलंबून आहे. ज्या दिवशी टाकी धुवायची नसेल त्या दिवशी काय, लिफ्टची एएमसी?

जिन्याखालची
हो. नाहीतर हरवलेली चप्पल. चेष्टा वाटली तरी चालेल.

नाना_निवृत्त
अहो पण अ‍ॅडमिन होताच कशाला? कुणी काही टाकलं की पहिला अ‍ॅडमिन आत जातो. आमच्या साडूंच्या गावी अ‍ॅडमिनला पोलिसांनी रात्री नऊ वाजता बोलावून घेतलं होतं. कायदाच तसा आहे. म्हणून मी आमचा ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असा करून ठेवलाय. दीड वर्ष झालं, एक भांडण नाही. रोज सकाळी मी एक सुविचार टाकतो, बास.

काळा कोट
नाना, अर्धं बरोबर आहे तुमचं. पोलीस बोलावतात, नोटीस देतात, हे खरं. सण किंवा निवडणूक तोंडावर असली की अ‍ॅडमिन लोकांना '१४९ ची नोटीस' जायची, नव्या कायद्यात ती १६८ झाली. पण ती गुन्हा होऊ नये म्हणून दिलेली ताकीद असते, आरोप नव्हे.

दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे १ मार्च २०२१ ला सांगितलंय. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. ग्रुपमधला एकजण एका सभासद महिलेला अश्लील बोलला, अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा. कोर्टाने तो रद्द केला. दोघांनी मिळून आधी ठरवलं होतं असं दाखवता आलं तरच अ‍ॅडमिन जबाबदार. केरळ उच्च न्यायालयही २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच वाटेने गेलं.

एक मेख मात्र आहे, ती व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठात शिकवत नाहीत. नागपूरच्या निकालात एक आधार असा होता की अ‍ॅडमिनच्या हातात माणूस आत घेणं आणि बाहेर काढणं एवढंच असतं, मजकुरावर त्याचा ताबा नसतो. जिन्याखालची म्हणाल्या ते पोस्ट काढायचं बटण त्यानंतर आलं. आता बटण असून दाबलं नाही तर काय, यावर कुणी वाद घातला तर माझ्याकडे खात्रीचं उत्तर नाही. तरी 'टाकणाऱ्याशी संगनमत' दाखवावंच लागेल असं माझं मत. म्हणून माझ्या अशिलांना एवढंच सांगतो, वाईट पोस्टला अंगठा दाखवू नका. अ‍ॅडमिनचा अंगठा फार बोलतो.

नाना_निवृत्त
म्हणजे थोडक्यात लफडं आहेच ना. मी तेच म्हणत होतो.

काळा कोट
मी नेमकं उलट म्हणालो. पण असो.

सरळसोट
वकीलसाहेबांचं झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ. जिन्याखालची, तुमचं तंत्र उत्तम आहे. भांडण मिटवण्याचं. मी भांडणाबद्दल विचारलंच नव्हतं.

आमच्या गेटवर एक भाजीवाला बसायचा. अकरा वर्षं. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास, तर तिच्यासाठी मेथी निवडून तिसऱ्या मजल्यावर आणून द्यायचा. गेल्या वर्षी ग्रुपवर कुठल्यातरी गावचा व्हिडिओ आला, भाजीवर काहीतरी घाण करतानाचा. खाली आमच्याच एका सभासदाने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'आपल्या गेटवर पण त्यांचाच बसतो, सावध.' वीस मिनिटांत पोस्ट गेली. अ‍ॅडमिनचा मेसेज आला. हात जोडलेले. नियम पाळा. कुणी वाद घातला नाही, अगदी तुमच्यासारखी आदर्श शांतता. आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच्याकडे गिऱ्हाईक अर्धं. त्याला कारण कुणी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी तो उठून गेला. पोस्ट काढली होती हो, पण वाचून झाली होती ना सगळ्यांची. त्या दिवशी एक ओळ हवी होती, 'हा व्हिडिओ आपल्या गेटचा नाही, त्या माणसाचा याच्याशी काहीही संबंध नाही.' ती ओळ नियमात बसत नव्हती.

बिनसाखरेचा
तुम्ही लिहिलीत का ती ओळ?

सरळसोट
नाही. मी पण 'विषय नको' वाचून गप्प बसलो. म्हणून तर हा धागा.

पार्किंगग्रस्त
अगदी सहमत. आमच्याकडेही अ‍ॅडमिन पक्षपाती आहेत. व्हिजिटर पार्किंगमध्ये दीड महिना एकच पांढरी गाडी उभी आहे, मी फोटो टाकला तर 'वैयक्तिक आरोप नकोत' म्हणून काढला. नियम क्रमांक कुठला लागतो ते सांगा.

काळा कोट
तो वेगळा धागा काढा दादा.

ढोलताशा
मला त्या 'ते लोक' नियमावर बोलायचंय. ऐकायला छान आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? आमच्याकडे असाच नियम आला. पहिल्या महिन्यात फॉरवर्ड बंद. दुसऱ्या महिन्यात 'राजकीय नको'. तिसऱ्या महिन्यात मी गणपतीच्या आरतीची वेळ टाकली, संध्याकाळी साडेसात, प्रसाद ए विंगकडे, तर एका सुशिक्षित बाईंनी लिहिलं 'धार्मिक पोस्ट नको ना?' आरतीची वेळ! सोसायटीच्याच गणपतीची! उद्या सत्यनारायणाची वेळ पण वकिलाला विचारून टाकायची?

जिन्याखालची
आरतीच्या वेळेत 'ते लोक' कुठे आहेत? चालतेच की.

ढोलताशा
तुमच्याकडे चालते. नियम असा मोघम ठेवला की ज्याला जे खुपतं ते तो त्यात घालतो.

बिनसाखरेचा
आरतीच्या वेळेने कुणाला काही होत नाही. आरतीच्या वेळेखाली 'प्रत्येक फ्लॅट ₹ १००१, न देणाऱ्यांची यादी रविवारी' असतं त्याने होतं.

ढोलताशा
हे बघा, आले लगेच. वर्गणी ऐच्छिक असते. यादी फक्त देणाऱ्यांची लागते.

बिनसाखरेचा
११२ पैकी ९७ जणांची यादी लागली तर उरलेले १५ कोण, ते काय गुपित राहतं? आमच्याकडे तर मेंटेनन्सच्या बिलात 'उत्सव निधी' म्हणून टाकली होती. दिली नाही तर व्याज. बाप्पावर व्याज!

काळा कोट
बिलात घालून सक्ती करता येणार नाही. बिलात कशाचे पैसे घ्यायचे ते उपविधींत लिहिलेलं असतं, पाणी, लिफ्ट, दुरुस्ती निधी वगैरे. सणाची वर्गणी त्यात नाही.

नाना_निवृत्त
आमच्याकडे सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतात. सभेला येतात चौदा लोक.

ढोलताशा
चौदा तर चौदा, यायचं होतं ना. सभेला यायचं नाही, मांडव घालायला हात लावायचा नाही, विसर्जनाला यायचं नाही, आणि मग ग्रुपवर लोकशाही. आम्ही सहाजण दहा दिवस कामावरून येऊन रात्री एकपर्यंत जागतो. त्यातले दोघे तर हिंदू पण नाहीत, एक जण ढोल सुंदर वाजवतो. मला 'ते लोक' वगैरे शिकवू नका.

बिनसाखरेचा
रात्री एकपर्यंत जागता ते आम्हाला माहीत आहे, आम्हीही जागतो. इच्छा नसताना.

ढोलताशा
स्पीकर दहाला बंद होतो. जे काही दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देतं तेवढेच बारापर्यंत. आणि पहाटे पाचचं कुणी का विचारत नाही?

बिनसाखरेचा
झालं. मी वाटच बघत होतो कधी येतंय ते.

ढोलताशा
का, प्रश्न विचारायचा नाही? इथे पण नियम चार?

जिन्याखालची
इथे मी अ‍ॅडमिन नाही, म्हणून नुसतं दाखवते. आरतीच्या वेळेपासून पहाटे पाचपर्यंत यायला तुम्हा दोघांना दहा मेसेज पण लागले नाहीत. दोघंही शिकलेले, दोघंही आपापल्या परीने बरोबर. ग्रुपवर हे दुपारी झालं असतं तर संध्याकाळी लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहिला असता.

बिनसाखरेचा
आम्ही जिन्याने जातो. पण ठीक आहे.

तिसरी खिडकी
मी सहसा वाचतेच फक्त. भाजीवाल्याचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझं आडनाव शेख. माहेर सोलापूर, घरात मराठीच, मुलगी दहावीला आहे. आमच्या सोसायटीत आमचं एकच घर. तुमच्यासारखीच आमची अ‍ॅडमिन आहे, चांगली बाई आहे, माझ्याकडून उकडीच्या मोदकाचा साचा नेते. एकदा ग्रुपवर असंच काही आलं. ती फोन करून ते काढायला लावते हे मला आज इथे वाचून कळलं, तिचीही तीच पद्धत असणार. मला काय दिसलं? आधी ती पोस्ट दिसली, कारण माझा फोन हातातच होता. मग रिकामी ओळ दिसली. मग 'पाठवणाऱ्यांचे आभार' दिसलं. आणि मग 'या विषयावर पुढे लिहू नये'. त्या क्षणी ग्रुपवर त्या विषयावर लिहिण्यासारखं कुणी असेल तर ती मी एकटी. म्हणजे ते वाक्य कुणासाठी होतं?

जिन्याखालची, तुमची चूक आहे असं म्हणत नाही. तुम्ही काकांना फोन केलात, छान केलंत. पण काकांना फोन केला त्याच अर्ध्या तासात एक फोन इकडे पण जायला हवा होता. 'पाहिलंस ना, मी बघते आहे.' एवढंच. मुलीने मला विचारलं, 'आई, आभार कशाबद्दल?'

जिन्याखालची
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे सुचायला हवं होतं, सुचलं नाही. आमच्याकडे अशी चार घरं आहेत, मी एकालाही कधी फोन केला नाही. काका रुसतील याचीच धास्ती असायची.

नाना_निवृत्त
ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लोकांच्या मनात काही नसतं, आलं की पुढे ढकलतात. म्हणून सांगतो, ग्रुप बंदच ठेवावा. न रहेगा बांस.

तिसरी खिडकी
नाना, मनात काही नसताना लिहिलं म्हणून वाचताना कमी लागत नाही.

बिनसाखरेचा
आणि बंद ग्रुपचंही ऐका. मागच्या पावसाळ्यात आमच्या अ‍ॅडमिनने रात्रीच्या भांडणानंतर ग्रुप कुलूपबंद करून टाकला आणि स्वतः झोपला. दोन वाजता मीटर रूममधून धूर. पहिल्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरीला वास आला, तिने लिहायला घेतलं तर लिहायची जागाच नाही. वॉचमनचा नंबर तिच्याकडे नव्हता, अ‍ॅडमिनचा फोन सायलेंट. ती चार मजले दारं वाजवत वर गेली. काही झालं नाही, वायर वितळली फक्त. पण सुविचार बरा होता त्या दिवशीचा.

जिन्याखालची
कुलूप मीही दोनदा लावलंय, खोटं कशाला बोलू. एकदा २०२४ च्या २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल लागत होता तेव्हा. दुपारी फटाके आणि टोमणे एकदमच सुरू झाले. पण कुलूप लावतानाच किती वाजता उघडणार ते लिहायचं, आणि वॉचमनचा, लिफ्टवाल्याचा नंबर त्याच मेसेजमध्ये द्यायचा. सकाळी सातला उघडलं. आधी न सांगता लावलं की लोकांना शिक्षा वाटते, आणि दुसरा ग्रुप निघतो. आमच्याकडे निघालाच, 'मुक्त विचार' नावाचा. २३ जण गेले. बरंच झालं म्हणा.

सरळसोट
तिकडे काय चालतं ते बघायला कुणी आहे का?

जिन्याखालची
नाही. आणि ते मला खटकतं. आमच्या ग्रुपवर तंटा झाला तर निदान दिसतो तरी.

काळा कोट
मला सरळसोट यांच्या मुद्द्याकडे परत यायचंय, कारण त्यात एक फरक आहे आणि आपण दोन गोष्टी एकाच पिशवीत भरतो आहोत. 'हे लोक असेच' हे मत आहे, घाणेरडं असेल, पण त्याला उत्तर देत बसलात तर संपत नाही. तिथे जिन्याखालची यांचा उपाय चालतो. 'आपल्या गेटवरचा' म्हटलं की ती माहिती झाली, आणि ती ठरावीक माणसाला चिकटते. तिथे गप्प राहणं म्हणजे दुजोरा.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर होती, आणि पोटासाठी गावोगाव हिंडणाऱ्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. तिथे कुणी 'नियम पाळा' म्हणून काही झालं नसतं. 'ही माणसं कोण आहेत ते मला माहीत आहे' असं म्हणणारा एक माणूस हवा होता.

ढोलताशा
सोसायटीच्या ग्रुपवरून राईनपाड्यापर्यंत? वकीलसाहेब, थोडं ताणताय.

काळा कोट
ताणतोय, मान्य. तुमच्या गेटवर तेवढं होणार नाही. माणूस उठून जातो, बस.

सरळसोट
हेच मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणालो होतो. जरा उद्धटपणे म्हणालो असेन.

बिनसाखरेचा
जरा?

जिन्याखालची
बरं, ऐका. पळपुटेपणा हा शब्द मी अजूनही मानत नाही, पळून जायचं असतं तर अ‍ॅडमिनपद सोडून फ्लॅट विकला असता. पण भाजीवाल्याच्या बाबतीत माझा मेसेज अपुरा पडला असता, हे मान्य. आत्ता स्वयंपाक गॅसवर ठेवून नवीन मसुदा केलाय. नियम चार तसाच. त्याखाली पाच:

'आपल्या परिसरातील व्यक्ती, दुकान किंवा घराबद्दल कुणी काही लिहिले आणि ते खरे नसेल, तर अ‍ॅडमिन तसे स्पष्ट लिहितील. ती ओळ काढली जाणार नाही.'

आणि दुपारच्या त्या मेसेजमध्ये 'आभार' काढून टाकते, आणि 'त्या विषयावर लिहू नये' च्या जागी 'कुणाला बोलायचे असल्यास मला फोन करा' करते.

काळा कोट
'खरे नसेल तर' हे तुम्ही कशावरून ठरवणार? दोन बाणवाला व्हिडिओ कुठला आहे ते अर्ध्या तासात शोधाल?

जिन्याखालची
व्हिडिओ कुठला ते नाही सांगू शकणार. तो आपल्या गेटचा नाही एवढं गेटवर जाऊन सांगू शकते. वॉचमन आहे, कॅमेरा आहे, तो माणूस स्वतः तिथे बसलाय.

काळा कोट
आणि समजा असला?

जिन्याखालची
मग तेही लिहावं लागेल. एका माणसाचं. 'त्यांचं' नाही.

ढोलताशा
पाचव्या नियमात आरतीच्या वेळेचं पण एक वाक्य घाला. सोसायटीच्या कार्यक्रमाची वेळ ही सूचना आहे, धार्मिक पोस्ट नव्हे. लेखी पाहिजे मला.

बिनसाखरेचा
आणि वर्गणीची रक्कम त्या सूचनेत नको. तेही लेखी.

ढोलताशा
रक्कम नसेल तर मांडव काय हवेवर बांधू?

तिसरी खिडकी
रक्कम खाली नोटीस बोर्डावर लावा. ग्रुपवर नुसती वेळ. आम्ही दरवर्षी देतो, वर्गणीबद्दल माझी तक्रार नाहीये. प्रसादाच्या यादीत आमचं नाव तीन वर्षं 'शेक' लिहिलंय तेवढं बघा, जमलं तर.

ढोलताशा
तुमची सोसायटी माझी नाही ताई, नाहीतर आज रात्रीच बदललं असतं. आमच्या यादीत काय काय लिहिलंय ते मात्र आता बघतो.

नाना_निवृत्त
हे सगळं मी प्रिंट काढून आमच्या कमिटीला देऊ का?

सरळसोट
द्या. पण आधी ग्रुपचं कुलूप काढा नाना.

नाना_निवृत्त
संध्याकाळी सातपर्यंत उघडून बघतो. सुविचार चालू ठेवतो.

पार्किंगग्रस्त
नियम पाच गाडीला लागू आहे का? गाडी परिसरातली आहे आणि माहिती शंभर टक्के खरी आहे.